बोर्डबाईच्या दोन दोऱ्या

माझी मावशी अंघोळीला निघाली की बघणाऱ्याला वाटेल, बाई परगावी चालली आहे. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात फोन, फोनला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीच्या तोंडाला रबर. बाथरूममध्ये साबणाच्या फळीवर एक स्टीलचा पेला कायमचा ठेवलेला असायचा. फोन त्या पेल्यात उभा राहायचा. थरथरला की पेलाही फळीवर नाचायला लागतो आणि तोंडाला साबण असला तरी एका डोळ्याने दिसतं, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं.

मावशीला ऐकू येत नाही. म्हणजे आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. समोर बसून सावकाश बोललं तर ती ओठांवरून ओळखते, नाहीतर पाटी-पेन्सिल. पण फोनवर ओठ कुठून आणणार? कानाला लावला की नुसती घूं घूं. आणि गंमत अशी की याच बाईने चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. तिथे तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती बोर्डबाई. कुठल्या डॉक्टरचा आवाज कंटाळलेला आहे आणि कुठल्या नातेवाइकाचा घाबरलेला आहे, हे ती 'हॅलो' वरून सांगायची. सहाशे नंबर तोंडपाठ. तिचेच कान असे निघाले, याला काय म्हणायचं? मी तर देवाशी दोन वर्षं अबोला धरला होता.

सुरुवातीच्या वर्षांत तो बोर्ड दोऱ्यांचा होता. समोर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर दिवा. दिवा लागला की एक दोरी त्यात खुपसायची, विचारायचं, मग तिची जोडीची दोरी दुसऱ्या भोकात. बोलणं झालं की दोऱ्या ओढून घ्यायच्या. पुढे बटणांचा बोर्ड आला, नंतर कंप्यूटर आला, पण मावशीच्या डोक्यात फोन म्हणजे दोऱ्याच राहिल्या. दोरी आत असली तर माणूस आहे. ओढली की माणूस गेला. अर्धी ओढलेली दोरी तिने कधी बघितली नव्हती.

त्या बोर्डावरची एकच गोष्ट ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची. सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. एका पेशंटसाठी मूत्रपिंड आलं होतं. यादीवर त्याचं पहिलं नाव. सिस्टर तिच्या डोक्यावर उभी आणि मावशी नंबर फिरवते आहे. अकरा वेळा फिरवला. पलीकडे घंटा वाजत होती, हे तिला स्पष्ट ऐकू येत होतं. कुणी उचलला नाही. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाली, "पुढचं नाव घ्या." मावशीने दोरी ओढली आणि पुढचा नंबर लावला. तो माणूस शेजारच्या घरी खुर्ची दुरुस्त करायला गेला होता, हे नंतर कळलं. त्याचा नंबर मावशीला अजून पाठ आहे. तो माणूस राहिलेला नाही.

आता विचार करा. याच बाईचा नवरा, म्हणजे आमचे काका, तीन वर्षांपूर्वी त्याच यादीवर चढले. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या मशीनवर. सेंटरची गाडी सकाळी न्यायची आणि दुपारी आणून सोडायची. हॉस्पिटलच्या फॉर्मवर तीन नंबर लिहायचे होते. पहिला काकांचा, दुसरा माझा, तिसरा मावशीचा. मशीनवर असताना काकांचा फोन लॉकरमध्ये. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आमच्या डॉक्टरांचा नियम म्हणजे कामाच्या वेळी स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये. म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन, या वेळात तिसरा नंबर हाच खरा नंबर. आणि तो एका बहिऱ्या बाईचा.

मी हॉस्पिटलला विचारलं, मेसेज करा ना. तिथल्या यादी सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मेसेज आम्ही करतो, पण नंतर. मेसेज गेला म्हणजे वाचला असं होत नाही. माणूस 'हो, निघालो' म्हणाला पाहिजे. अर्धा तास थांबतो, मग पुढचं नाव." मी हे पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा मावशी नुसती मान हलवत राहिली. हा नियम तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून ते अ‍ॅप घेतलं. त्यातून फोन घेतला की पलीकडचा माणूस बोलतो ते अक्षरांत उमटतं. एखादा शब्द चुकतो, पण अर्थ कळतो. पहिल्या दिवशी मी खोलीच्या दाराबाहेर उभी राहून फोन केला आणि मावशीने चार वर्षांनी फोनवर मला उत्तर दिलं. आम्ही दोघी रडलो, मध्ये दार होतं ते बरं झालं. ते अ‍ॅप मी तिच्याच फोनवर, फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं होतं, महिन्याच्या हप्त्याने. अंगठा टेकवला, झालं. दर महिन्याच्या सतरा तारखेला स्टोअर आपोआप पैसे कापून घ्यायचं.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता चाचणी. मावशी मला फोन करायची आणि म्हणायची, "बोल. पण मला अंदाज येणार नाही असं बोल." गुड मॉर्निंग चालायचं नाही, ते न ऐकताही कळतं म्हणे. मग मी काहीबाही बोलायची. आमच्या डॉक्टरांनी आज दोन वेगळे मोजे घातलेत. लिफ्टमध्ये कुणीतरी कोबी विसरलं. ती ते वाक्य मला परत वाचून दाखवायची आणि म्हणायची, "आलं. ठेव." रविवारीसुद्धा. माझी टकळी कधी बंद होत नाही म्हणून तिने माझं नावच टकळी ठेवलं आहे, पण सकाळी आठला रोज नवीन वाक्य सुचायला टकळीचीही कसोटी लागते.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी शहाणपणा केला.

दवाखान्यात पेशंट नव्हता म्हणून मी कंप्यूटरवर त्या अ‍ॅपवाल्यांची वेबसाइट उघडून बसले. बघते तर तिथे वर्षाचं एकदम घेतलं तर बरंच स्वस्त. तीच सेवा, तेच खातं. स्टोअरमधून घेतलं की स्टोअरचा वाटा जातो म्हणून बऱ्याच ठिकाणी असं असतं. मला फार हुशार वाटलं. मावशीच्या ईमेलने लॉगिन केलं, माझं कार्ड घातलं, वर्षाचं घेतलं. वाढदिवसाची भेट. आणि तिला मेसेज टाकला, 'वर्षाचं नवीन घेतलं आहे. जुनं महिन्याचं आता बंद कर.'

बस्स. कसं बंद कर, कुठून बंद कर, एक अक्षर नाही. तोंडाने एवढी बडबड करणारी मी, लिहायची वेळ आली तेव्हा दोन ओळींत आटोपलं.

मावशीचा विचार सरळ होता. एका भोकात दोन दोऱ्या गेल्या आहेत, एक ओढायची. तिला नव्या पावतीचा ईमेल आला होता, त्यात 'आपलं सबस्क्रिप्शन बघा' अशी ओळ होती. ती दाबून ती वेबसाइटवर गेली. तिथे एकच योजना दिसत होती आणि खाली बटण होतं, रद्द करा. तिला वाटलं, हाच बोर्ड, सगळ्या दोऱ्या इथेच असणार, आणि नवीन अजून लागली नसेल म्हणून जुनीच दिसते आहे. तिने बटण दाबलं. साइटने विचारलं, वर्ष संपल्यावर बंद करायचं, की आत्ताच बंद करून पैसे परत हवेत? घेऊन चौदा दिवस झाले नव्हते म्हणून तशी सोय होती. वर्ष संपल्यावर म्हणजे काय, हे तिला पटेना. ओढायची तर ओढायची. तिने 'आत्ताच' दाबलं.

म्हणजे मी घेतलेली वर्षाची दोरी तिने मुळासकट उपटली.

आणि आता बघा, काय झालं ते. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिने फोन केला, मी बोलले, अक्षरं आली. येणारच, स्टोअरची महिन्याची दोरी अजून जागेवर होती. मावशीला वाटलं, बघा, जुनं गेलं आणि नवीन चालू आहे. मलाही तेच वाटलं. पैसे परत आल्याचा माझ्या बँकेचा मेसेज दहा दिवसांनी आला, तो सेलच्या वीस मेसेजांमध्ये पडला. मी वाचलाच नाही. खोटं कशाला बोलू.

महिन्याच्या बारा तारखेला मी तिच्याकडे गेले होते. काका खिडकीशी बसून पाणी मोजून पीत होते, दिवसभराच्या पाण्याची त्यांची एक बाटली असते. मावशीच्या फोनला नवीन कव्हर घालायचं होतं. घालता घालता सहज सेटिंगमध्ये गेले, तिच्या नावावर दाबलं, सबस्क्रिप्शन उघडलं. तिथे ते महिन्याचं चालू. सतरा तारखेला पुढचा हप्ता.

मी पाटीवर लिहिलं, 'तू बंद केलंच नाहीस.'

"केलं," मावशी म्हणाली. "बटण दाबलं. पत्रही आलं, बंद झालं म्हणून."

मला तेव्हा ते पत्र मागायचं सुचायला हवं होतं. पत्र कुणाकडून आलं, स्टोअरकडून की साइटकडून, एवढं बघितलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मला वाटलं, मावशीचा काहीतरी घोळ झाला. मोठ्या माणसांचा होतोच, अशा थाटात मी तिथल्या तिथे 'रद्द करा' दाबलं. फोनने सांगितलं, सतरा तारखेपर्यंत सेवा चालू राहील.

मावशीने माझा हात धरला. "आत्ता ओढलीस?"

'सतरापर्यंत चालतं. भरलेले पैसे फुकट जात नाहीत,' मी लिहिलं.

"ओढलेली दोरी पाच दिवस चालते?"

'ही चालते. आणि नंतर वर्षाचं आहेच.'

तिच्या चेहऱ्यावरची भीती मला आठवते. ती मला म्हणाली, "टकळे, मला हे आवडत नाही." मी हसले. काकाही हसले. काका म्हणाले, "तिला सगळीकडे दोऱ्याच दिसतात." ओठ वाचून मावशीला ते कळलं, पण ती हसली नाही. तिने फोन घेतला, नाडीच्या कापडी पिशवीत घातला आणि ती पिशवी गळ्यात अडकवली.

सतरा तारीख शुक्रवारी आली. सकाळी आठला चाचणी झाली. त्या दिवशी मला वाक्य सुचत नव्हतं म्हणून मी म्हटलं, "मावशी, तू उगाच घाबरतेस." तिने ते मला परत वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आलं. ठेव." नऊ वाजता सेंटरची गाडी काकांना घेऊन गेली. मी माझा फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

आता एक बारकावा, जो मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. स्टोअरमधलं सबस्क्रिप्शन तारखेला संपतं म्हणजे रात्री बाराला संपेलच असं नाही. ज्या वेळेला पहिल्यांदा घेतलं, साधारण त्या वेळेला संपतं. मी ते अ‍ॅप घेतलं तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजले होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. गळ्यातली पिशवी थरथरली. तिने फोन काढला. पडद्यावर हॉस्पिटलचं नाव होतं, त्या यादीवाल्या ऑफिसचं. तीन वर्षं तिने ते नाव त्या पडद्यावर यायची वाट बघितली होती. तिने फोन घेतला. जिथे अक्षरं उमटायची तिथे एक करड्या रंगाची पट्टी आली, 'आपली योजना संपली आहे. अक्षरं पुढे चालू ठेवण्यासाठी योजना निवडा.'

तिने फोन कानाला लावला. घूं घूं.

ही सगळी हकिकत मला नंतर दोघींकडून कळली, मावशीकडून आणि त्या मॅडमकडून. मावशी म्हणाली, हातातला कपडा खाली पडला, ओट्याला धरून उभी राहिले. चौथा मजला. शेजारचं जोडपं कामावर. वरची म्हातारी मुलीकडे गेलेली. जिना उतरून वॉचमनला गाठायचं तर तोपर्यंत पलीकडची बाई फोन ठेवेल, आणि परत लावेल की पुढचं नाव घेईल, कोण सांगणार? योजना निवडायची तर कार्ड, पासवर्ड, तो आकड्यांचा मेसेज. तिला वाटलं, आत्ता घाईत एक बटण चुकलं तर फोनच कट होईल. तिच्या कानात घूं घूं चालू होती. ती म्हणाली, "मला तो खुर्चीवाला दिसायला लागला गं."

पलीकडे मॅडम ओरडत होत्या. काकांचा फोन दोनदा वाजून बंद झाला होता. माझा दोनदा. हा तिसरा आणि शेवटचा नंबर, आणि त्यावर कुणीतरी श्वास घेत होतं पण बोलत नव्हतं. समोर यादी उघडी होती. मूत्रपिंड काढून झालं होतं, त्याचं घड्याळ चालू झालं होतं.

मग, मॅडम सांगत होत्या, अचानक पलीकडचा आवाज बदलला. एकदम सरळ, स्वच्छ, ऑफिसातल्यासारखा झाला.

"नमस्कार. मी पेशंटची पत्नी बोलते आहे. तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही. माझं तुम्हाला येतं आहे. कृपया बोलू नका, ऐका. मूत्रपिंडासाठी बोलावलं असेल तर आत्ता फोन ठेवा आणि लगेच पुन्हा लावा. दुसरं काही काम असेल तर ठेवा, पुन्हा लावू नका. परत सांगते."

आणि तिने ते परत सांगितलं, शब्दाला शब्द. मग तिसऱ्यांदा. चौतीस वर्षं लोकांना 'होल्ड करा, जोडते' म्हणणारा तो आवाज होता. ज्याला ऐकू जातं आहे त्याच्याशी बोलता येतं, आपल्याला ऐकू आलं नाही तरी, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. बाकीचं तिच्या कामाने केलं.

फोन कट झाला.

मावशीने तो दोन्ही तळहातांवर धरला. पडदा काळा झाला. तिने आकडे मोजायला सुरुवात केली. ती म्हणाली, "वीस झाले. पंचवीस झाले. मला वाटलं, दुसरं काही काम असेल. औषधांच्या कागदांचं असेल." पलीकडे मॅडमकडून नंबर लागत नव्हता. ऑफिसच्या फोनवरून बाहेर लावायचं तर आधी शून्य दाबायला लागतं, घाईत त्या शून्य विसरल्या आणि त्यांना पहिल्यापासून फिरवावं लागलं. मला सांगताना त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "मीसुद्धा मनात मोजत होते. त्या बाई पलीकडे मोजत असणार, हे मला कळत होतं."

अडतीस आकडे झाले आणि फोन थरथरला. तेच नाव.

"समजलं," मावशी म्हणाली. "आम्ही निघालो. पेशंट आत्ता डायलिसिस सेंटरमध्ये मशीनवर आहे. सेंटरचा नंबर लिहून घ्या." आणि तिने तो नंबर सांगितला, आकडा आकडा तोडून, दोनदा. "त्यांना तिथून थेट पाठवायला सांगा. मी घरून येते. कागदांची फाइल माझ्याकडे आहे. हे चालत असेल तर फोन ठेवा."

फोन ठेवला गेला.

साडेबाराला चहासाठी उठले तेव्हा मी ड्रॉवर उघडला. दोन मिस्ड कॉल, त्यांच्याखाली मावशीचा मेसेज. 'हॉस्पिटल. निघाले. अक्षरं गेली.' पहिल्या दोन शब्दांनी मी पर्स उचलली आणि शेवटच्या दोन शब्दांनी माझी पाचावर धारण बसली. मी चपला घातल्या की नाही, ते मला आठवत नाही. डॉक्टर दारातून काहीतरी विचारत होते.

काकांना आत घेतल्यावर आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. लांब कॉरिडॉर, शेवटाला दोन दारं, वर लाल दिवा. मी मावशीचा फोन घेतला आणि त्या अ‍ॅपवाल्यांच्या मदतीच्या खिडकीत लिहिलं की आमचं वर्षाचं चालू असताना अक्षरं बंद का केलीत? अगदी भांडायच्या तयारीने लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, शांतपणे. वर्षाची योजना अमुक तारखेला आमच्या साइटवरून रद्द झाली आहे, पैसे परत केले आहेत. मी विचारलं, आणि महिन्याची? उत्तर आलं, 'ती अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेली होती. ती आम्हाला बंदही करता येत नाही आणि पुन्हा चालूही करता येत नाही, ती तुमच्या फोनच्या सेटिंगमध्येच असते. आमच्या साइटवर फक्त साइटवर घेतलेलं दिसतं.'

मी ते दोनदा वाचलं. मग मला सगळं कळलं, एकेक करून. तिने तिच्या बोर्डावरची दोरी ओढली होती, मी माझ्या बोर्डावरची. दोघींनी आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबर केलं होतं. आणि दोघींनी मिळून काकांचा गळा जवळजवळ दाबला होता. मला भीती वाटली, आधी वाटायला हवी होती तेवढी. मावशी तीन वर्षं जे गळ्यात अडकवून फिरत होती, ते त्या दिवशी माझ्या हातात आलं.

मी तिथेच, तिच्याच फोनवर, नवीन योजना घेतली. एकच, स्टोअरमधून, महिन्याची, महाग. सेटिंग उघडून तिला दाखवली. वेबसाइट उघडून दाखवली, तिथे काही नाही. मग पाटी नव्हती म्हणून फाइलच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'माझी चूक झाली. तू सांगत होतीस.'

मावशीने वाचलं. पेन माझ्या हातातून घेतलं. टोपण लावून ते परत दिलं आणि माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. दिवा लाल होता.

रात्री नऊच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली घेतला, मावशीसमोर वाकले आणि ओठ दिसतील असे सावकाश म्हणाले की नवीन मूत्रपिंडाने काम सुरू केलं आहे, पण पुढचे काही दिवस काळजीचे आहेत. मावशीने मान हलवली. त्यांच्या मागे त्या यादीवाल्या मॅडम उभ्या होत्या, बोर्डबाईला बघायला आल्या होत्या. मावशी उठली. मला वाटलं, आता ही त्यांचे हात धरेल, आभार मानेल. तिने हात धरलेही.

"मी उचलला नसता तर," तिने विचारलं, "पुढचं नाव कुणाचं होतं?"

मॅडम म्हणाल्या, "ते सांगता येत नाही हो, बाई."

"नाव नको. घरी कोण असतं त्यांच्या? फोन कोण बघतं?"

मावशी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने हात सोडले आणि फोन परत पिशवीत घालायला लागली. पिशवीची नाडी तिला बांधता येत नव्हती, ती मी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिचा फोन आला. काका आत, ती कॉरिडॉरमध्ये, मी जिन्यावर. आता कुणाचा फोन यायचा राहिला नव्हता.

"बोल," ती म्हणाली. "मला अंदाज येणार नाही असं."